‘पिक अप इट’ की ‘पिक इट अप’? फ्रेझल व्हर्बमध्ये सर्वनाम कुठे बसवायचं

मी मराठी माध्यमातून शिकलो आणि पुण्यात नोकरीला लागलो ते ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं देणाऱ्या विभागात. पहिल्या काही आठवड्यांतला माझा एक ईमेल अजून पाठ आहे. मी लिहिलं होतं: ‘आय हॅव अटॅच्ड द फॉर्म. प्लीज फिल इन इट अँड सेंड बॅक इट. अवर टीम विल लुक इट इंटू अँड गेट यू बॅक. इफ द डेट इज नॉट कन्व्हीनियंट, वी कॅन पुट ऑफ इट.’

ग्राहकाला मुद्दा बहुधा कळला असेल. पण चार ओळींत पाच चुका होत्या आणि पाचही एकाच जातीच्या होत्या. शब्द जवळपास सगळे बरोबर, काळ बरोबर, फक्त ‘इट’ आणि ‘यू’ चुकीच्या खुर्चीत बसलेले. शेजारी बसणाऱ्या ताईंनी तो जाण्याआधी वाचला असता तर बरं झालं असतं. पाठवल्यावर त्यांनी वाचला आणि एवढंच म्हणाल्या, “अरे, ‘गेट यू बॅक’ म्हणजे ‘तुझा सूड घेईन’ असाही अर्थ होतो.” त्या दिवसापासून मी हा विषय नीट धरून बसलो. तेव्हा कुणी ज्या क्रमाने सांगितलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते, त्या क्रमाने इथे लिहितोय.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्याच्या मागचा एक छोटा शब्द मिळून झालेलं क्रियापद. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. ‘लुक’ म्हणजे बघणं, पण ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. त्या मागच्या छोट्या शब्दाला या लेखापुरतं मी शेपूट म्हणणार आहे. काही क्रियापदांचं शेपूट सुटं होतं आणि मध्ये कर्म बसू शकतं. त्यांना इंग्रजी व्याकरणात सेपरेबल म्हणतात, आपण ‘सुटणारी’ म्हणू. ज्यांच्या मध्ये कर्म शिरू शकत नाही ती इनसेपरेबल, म्हणजे ‘न सुटणारी’.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. लाँगमन, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी कुठलाही. तिन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थाला चालतो, पण सर्वनाम कुठे बसतं हे तो सहसा सांगत नाही.
- एक वही. फ्रेझल व्हर्ब त्यात कसं उतरवायचं ते आठव्या पायरीत येईल, आणि ती पायरी सोडू नका.
- तुम्ही स्वतः लिहिलेले आठ-दहा जुने ईमेल किंवा मेसेज. पुस्तकातल्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा स्वतःच्या चुका शोधताना हा विषय लवकर डोक्यात बसतो.

पायरी १: आधी कर्म आहे का ते बघा

सर्वनाम कुठे बसवायचं हा प्रश्न कर्म असेल तरच येतो. ‘गेट अप’ म्हणजे उठणं, ‘ग्रो अप’ म्हणजे मोठं होणं. इथे कुणाला, काय, असं विचारलं तर उत्तर नाही. मग सुटणार की नाही हा वादच नाही, ही दोन्ही जशीच्या तशी वापरायची.

एकच सावधगिरी: तेच शब्द एका अर्थाने कर्माशिवाय येतात आणि दुसऱ्या अर्थाने कर्मासकट. ‘द प्लेन टुक ऑफ’ म्हणजे विमान उडालं. इथे कर्म नाही. ‘ही टुक ऑफ हिज शूज’ म्हणजे त्याने बूट काढले. इथे कर्म आहे आणि बुटांऐवजी ‘देम’ म्हणायचं असेल तर ते मध्ये येणार: ‘ही टुक देम ऑफ’. म्हणून प्रश्न नेहमी वाक्यातल्या अर्थाला विचारायचा, सुट्या शब्दांना नाही.

पायरी २: शेपूट कुठल्या गटातलं आहे ते बघा

माझ्या वेळी मला एक यादी देण्यात आली होती: सुटणारी दीडशे, न सुटणारी शंभर, पाठ करा. यादी पाठ होत नाही, आणि झाली तरी यादीबाहेरचं क्रियापद आलं की माणूस पुन्हा तिथेच अडतो. त्यापेक्षा शेपूट बघा. कारण सुटणं-न सुटणं हे बहुतेक वेळा शेपटावर ठरतं.

यामागचं कारण असं. काही शेपटं क्रियापदाची सोबती असतात. ती क्रिया कुठल्या दिशेने गेली, पुरी झाली की थांबली, हे सांगतात. व्याकरणात त्यांना क्रियाविशेषण म्हणतील. ती क्रियापदाशी बांधील असतात, कर्माशी नाही, म्हणून त्यांच्यात आणि क्रियापदात कर्म येऊन बसलं तरी चालतं. दुसरी शेपटं कर्माची सोबती असतात. आपल्या मराठीत ‘कडे’, ‘वर’, ‘साठी’, ‘तून’ हे शब्द नामाला मागून चिकटतात. इंग्रजीत त्याच कामाचे शब्द नामाच्या पुढे चिकटतात. ‘त्याच्याकडे’ हा शब्द तोडून ‘कडे’ वाक्यात दुसरीकडे नेता येत नाही. तसंच ‘ॲट हिम’ची जोडी तोडून ‘लुक हिम ॲट’ करता येत नाही.

आता गट बघू.

पहिला गट: ‘ॲट’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’, ‘इंटू’, ‘ऑफ’ नव्हे तर एका ‘एफ’चं ‘ऑव्ह’, ‘विथ’, ‘विदाउट’, ‘अगेन्स्ट’, ‘आफ्टर’, ‘टू’. ही कर्माची सोबती. यांच्यानंतरच सर्वनाम येतं: ‘लुक ॲट इट’, ‘वेट फॉर हर’, ‘लुक इंटू इट’, ‘डील विथ देम’, ‘लुक आफ्टर हिम’. या गटात अपवाद इतके विरळ आहेत की सुरुवातीला त्यांचा विचारही करू नका.

दुसरा गट: ‘अवे’, ‘बॅक’, ‘अपार्ट’, ‘टुगेदर’. हे शब्द कर्माला चिकटूच शकत नाहीत. त्यामुळे कर्म असेल तर सर्वनाम मध्ये: ‘थ्रो इट अवे’, ‘सेंड इट बॅक’, ‘टेक इट अपार्ट’, ‘पुट इट टुगेदर’. ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’ आणि दोन ‘एफ’चं ‘ऑफ’ यांचाही कल याच बाजूला आहे: ‘पिक इट अप’, ‘वर्क इट आउट’, ‘राइट इट डाउन’, ‘टर्न इट ऑफ’. मात्र यांना थोडे अपवाद आहेत. बसमधून उतरणं म्हणजे ‘गेट ऑफ द बस’. ‘गेट द बस ऑफ’ नाही. डोंगरावर धावत चढणं ‘रन अप द हिल’. तिथे खरोखरच्या जागेविषयी बोलणं चाललंय, शेपूट त्या जागेला चिकटलंय.

तिसरा गट: ‘ऑन’, ‘इन’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’, ‘अराउंड’, ‘बाय’. हे दोन्हीकडचे. यांच्यासाठी पाचवी पायरी वेगळी ठेवली आहे. ‘अक्रॉस’ही दोन्हीकडचा आहे, पण तुम्हाला तो बहुतेक ‘कम अक्रॉस’ म्हणजे अचानक सापडणं, एवढ्याच रूपात भेटेल आणि तिथे तो सुटत नाही: ‘आय केम अक्रॉस इट’.

पायरी ३: सुटणारं असेल तर नामाला दोन जागा, सर्वनामाला एकच

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

‘दिवा बंद कर’ हे इंग्रजीत दोन प्रकारे बरोबर आहे: ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’. दोन्हींत अर्थाचा फरक नाही. पण ‘तो बंद कर’ म्हणताना एकच वाक्य बरोबर: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक.

शाळेत आपल्याला पहिलं वाक्य शिकवतात. मग आपण ‘द लाइट’ खोडतो, त्याच जागी ‘इट’ लिहितो आणि चूक तिथे जन्माला येते. नामाच्या जागी सर्वनाम ठेवायचं, हे आपण मराठीतून शिकलेलं असतं आणि मराठीत ते शंभर टक्के खरं आहे. ‘दिवा बंद कर’, ‘तो बंद कर’. इंग्रजीत इथे सर्वनामाला स्वतंत्र नियम आहे.

हा नियम का आहे हे कळलं की तो लक्षात ठेवावा लागत नाही. इंग्रजी वाक्यात नवीन आणि वजनदार गोष्ट शेवटाकडे जाते आणि जोर तिथे पडतो. ‘इट’ म्हणजे ज्याबद्दल आधीच बोलून झालंय अशी जुनी, हलकी गोष्ट. तिला शेवटची मानाची जागा मिळत नाही. ती क्रियापदाला घाईघाईने चिकटते आणि शेवटचा जोर शेपटाला मिळतो. मोठ्याने म्हणून बघा: ‘टर्न इट ऑफ’, जोर ‘ऑफ’वर. बोलताना ‘टर्न इट’ जवळजवळ ‘टर्निट’ असं ऐकू येतं. आता ‘लुक ॲट इट’ म्हणा. इथे जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ आणि ‘इट’ दोन्ही घाईत उरकले जातात. कान तयार झाला की हा जोरच तुम्हाला उत्तर सांगतो. ‘ओव्हर’, ‘अक्रॉस’ अशा लांब शेपटांना मात्र दोन्ही ठिकाणी थोडा जोर असतो, तिथे कानावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

याच कारणाने उलटी गोष्टही खरी आहे. कर्म खूप लांब असेल तर ते मध्ये कोंबायचं नाही, शेवटी न्यायचं. ‘शी टर्न्ड डाउन द जॉब शी वॉज ऑफर्ड इन नाशिक लास्ट मंथ’ हे नीट वाचता येतं. ‘डाउन’ सगळ्यात शेवटी ठेवलं तर वाचणारा ‘टर्न्ड’ म्हणजे काय वळवलं याचा विचार करत राहतो. ते व्याकरणात चूक नसेल, पण वाचवत नाही.

कुठली सर्वनामं हा कडक नियम पाळतात? ‘मी’ म्हणजे मला, ‘यू’, ‘हिम’, ‘हर’, ‘इट’, ‘अस’, ‘देम’. शिवाय ‘युअरसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ या जातीची: ‘पुल युअरसेल्फ टुगेदर’. ‘एव्हरीथिंग’, ‘समवन’ ही दिसायला सर्वनामं असली तरी वागतात नामासारखी. ‘थ्रो एव्हरीथिंग अवे’ आणि ‘थ्रो अवे एव्हरीथिंग’ दोन्ही चालतात. ‘धिस’ आणि ‘दॅट’ एकटे आले तर मध्ये ठेवा: ‘पुट दॅट डाउन’. तिथे कुणी चूक काढणार नाही.

एखादा इंग्रज माणूस ‘पिक अप हिम, नॉट हर’ म्हणताना तुम्हाला ऐकू येऊ शकतो. तो बोट दाखवून, ‘हिम’वर मुद्दाम जोर देऊन बोलतोय. जोर दिला की सर्वनाम हलकं राहत नाही, म्हणून शेवटची जागा मिळते. ते ऐकून गोंधळू नका आणि लिहिताना वापरू नका.

आणखी एक छोटा कोपरा. काही क्रियापदं अशी आहेत की त्यांच्यात नामसुद्धा मध्येच बसावं लागतं. दोन सारख्या गोष्टींतला फरक ओळखणं म्हणजे ‘टेल अपार्ट’. ‘आय कान्ट टेल द ट्विन्स अपार्ट’ बरोबर. ‘टेल अपार्ट द ट्विन्स’ चूक. नकोसं काम एकदाचं उरकणं म्हणजे ‘गेट इट ओव्हर विथ’, तेही असंच. अशी थोडीच आहेत, भेटतील तशी लिहून ठेवा. यातली समाधानाची गोष्ट म्हणजे सुटणाऱ्या क्रियापदात मधली जागा जवळजवळ नेहमीच सुरक्षित असते. आखूड नाम असो की सर्वनाम, शंका आली की मध्ये ठेवा.

पायरी ४: न सुटणारं असेल तर सगळं शेपटानंतर

इथे विचार करायला काही नाही. नाम असो, सर्वनाम असो, शेपटानंतरच. ‘शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर’, ‘शी लुक्स आफ्टर हर’. ‘आय रॅन इंटू अ फ्रेंड’, ‘आय रॅन इंटू हिम’. म्हणजे मित्र अचानक भेटला.

चूक होते ती तिसरी पायरी नव्याने शिकल्यावर. सर्वनाम मध्ये टाकायचं हे एकदा डोक्यात बसलं की माणूस ते सगळीकडे टाकायला लागतो. ‘लुक इट इंटू’सारखी चूक त्या उत्साहातूनही येते. म्हणून दुसरी पायरी आधी, तिसरी नंतर. ‘इंटू’ दिसलं की तिसऱ्या पायरीकडे जायचंच नाही.

पायरी ५: दोन्हीकडच्या शेपटांना अर्थ विचारा

तिसऱ्या गटात मात्र नुसत्या शेपटावरून कळत नाही. कधी कधी तेच दोन शब्द सुटतातही आणि सुटत नाहीतही, आणि त्यानुसार अर्थ बदलतो.

‘सी थ्रू’ घ्या. हाती घेतलेलं काम शेवटापर्यंत नेणं या अर्थाने ते सुटतं: ‘इट वॉज अ डिफिकल्ट प्रोजेक्ट, बट शी सॉ इट थ्रू’. समोरच्याचा कावा ओळखणं या अर्थाने ते सुटत नाही: ‘ही वॉज लाइंग अँड शी सॉ थ्रू हिम’. पहिल्यात ‘थ्रू’ क्रिया पार पडल्याचं सांगतं, ते क्रियापदाचं सोबती. दुसऱ्यात नजर त्या माणसाच्या आरपार जाते, ‘थ्रू’ त्या माणसाला चिकटलेलं आहे. इथे सर्वनामाची जागा चुकली तर वाक्य नुसतं ओबडधोबड होत नाही, त्याचा अर्थच बदलतो.

‘टर्न ऑन’ तसंच. ‘टर्न इट ऑन’ म्हणजे ते चालू कर. ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला.

‘ओव्हर’ची जोडी: ‘थिंक इट ओव्हर’ म्हणजे नीट विचार कर, हे सुटतं. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावर, हे सुटत नाही. ‘ऑन’ची जोडी: ‘पुट इट ऑन’ म्हणजे अंगात घाल, ‘काउंट ऑन हिम’ म्हणजे त्याच्यावर भिस्त ठेव. ‘इन’ची जोडी: ‘हँड इट इन’ म्हणजे ते जमा कर, ‘बिलीव्ह इन इट’ म्हणजे त्यावर विश्वास ठेव.

इथे मला मराठीचा एक आधार सापडला. वाक्य मराठीत म्हणून बघा आणि सर्वनामाला काय चिकटतंय ते पाहा. ‘त्याच्यावर भिस्त’, ‘त्यावर विश्वास’, ‘त्यातून सावर’, ‘त्याच्यावर उलटला’: इथे ‘वर’, ‘तून’ असं काहीतरी सर्वनामाला चिकटलंय. इंग्रजीतही शेपूट सर्वनामाच्या लगेच पुढे चिकटलेलं असण्याची शक्यता जास्त. ‘ते चालू कर’, ‘ते जमा कर’, ‘तो घाल’: इथे सर्वनाम उघडं आहे, किंवा फार तर ‘ला’ लागतो. इंग्रजीतही ते सुटून मध्ये बसण्याची शक्यता जास्त.

पण हा आधार अंदाजापुरताच, कारण तो दोन्ही बाजूंनी फसवतो. ‘ते शोध’ यात सर्वनाम उघडं आहे, तरी इंग्रजीत ‘लुक फॉर इट’, न सुटणारं. ‘त्यावर विचार कर’ यात ‘वर’ आहे, तरी ‘थिंक इट ओव्हर’, सुटणारं. म्हणून आधी शेपटाचा गट बघायचा. ‘फॉर’ पहिल्या गटात आहे म्हटल्यावर मराठीला विचारायचं कारणच नाही. तिसऱ्या गटातलं शेपूट असेल आणि शब्दकोश हाताशी नसेल तेव्हाच हा अंदाज वापरा, आणि नंतर पडताळून घ्या.

पायरी ६: शेपटं दोन असतील तर शेवटचं शेपूट ठरवतं

‘लुक फॉरवर्ड टू’, ‘पुट अप विथ’, ‘गेट अवे विथ’, ‘गेट बॅक टू’. यात पहिलं शेपूट क्रियापदाचं आणि दुसरं कर्माचं. कर्म एकच असेल तर ते सगळ्यात शेवटी: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’, ‘आय कान्ट पुट अप विथ हिम’. मध्ये काही नाही, तिसऱ्या पायरीतलं ‘गेट इट ओव्हर विथ’ सोडून.

माणूसही आहे आणि गोष्टही आहे, अशी दोन कर्मं असतील तर एक मध्ये आणि एक शेवटी. ‘आय टॉक्ड हर आउट ऑव्ह इट’ म्हणजे मी तिला समजावून त्यापासून परावृत्त केलं. ‘हर’ मध्ये, ‘इट’ शेवटी. नवा नियम नाही हा. ‘ऑव्ह’ पहिल्या गटातलं, म्हणून त्याचं कर्म त्याच्यानंतर, बस.

पायरी ७: आपल्या बोलण्यातून येणारा सापळा

हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. स्वतःच्या चुका वहीत मांडल्यावर दिसलं.

आपण मराठीत रोज म्हणतो: फॉर्म फिलअप कर, मला पिकअप कर, डेटाचा बॅकअप घे, मशीन सेटअप कर, सिस्टिम शटडाउन कर. इंग्रजी क्रियापद आणि शेपूट यांची आपण एक वडी थापली आहे आणि पुढे ‘कर’ लावून ती मराठी केली आहे. मराठीत ते छान चालतं. पण इंग्रजी लिहायला बसलो की ती वडी फुटत नाही. ‘सेटअप’ हा एकच शब्द वाटतो, मग ‘इट’ त्याच्यानंतरच येणार: ‘आय विल सेटअप इट’.

इंग्रजीत ही वडी आहे, पण ती नाम म्हणून. ‘अ बॅकअप’, ‘द सेटअप’, ‘अ पिकअप’. लिहितानाही शब्द जोडून. क्रियापद म्हणून वापरताना तेच दोन सुटे शब्द होतात आणि सर्वनाम मध्ये येतं: ‘बॅक इट अप’, ‘सेट इट अप’, ‘शट इट डाउन’. भूतकाळात तर वडी फोडावीच लागते, कारण काळाचा प्रत्यय क्रियापदाला लागतो, शेपटाला नाही: ‘आय बॅक्ड इट अप यस्टर्डे’. तुम्ही कधी ‘बॅकअप्ड’ लिहिलं असेल तर मूळ इथे आहे.

‘फिल अप’बद्दल एक सूचना. आपल्याकडे फॉर्म भरण्याला सर्रास ‘फिल अप’ म्हणतात. ब्रिटिश वळणात ‘फिल इन’ आणि अमेरिकन वळणात ‘फिल आउट’ म्हणतात. ‘फिल अप’ म्हणजे टाकी किंवा पेला काठोकाठ भरणं. परदेशी ग्राहकाला लिहिताना ‘फिल इट इन’ किंवा ‘फिल इट आउट’ लिहा.

कर्मणी प्रयोगातला सापळाही इथेच सांगतो. ‘मीटिंग रद्द झाली’ म्हणजे ‘द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ’. कर्म वाक्याच्या सुरुवातीला गेलं, तरी शेपूट जागचं हलत नाही. ते गाळलं तर ‘द मीटिंग वॉज कॉल्ड’ उरतं, म्हणजे मीटिंग बोलावली गेली! न सुटणाऱ्यांचंही तसंच: ‘द कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इंटू’. शेवटी ‘इंटू’ लोंबकळतंय असं वाटतं आणि हात ते खोडायला जातो. खोडू नका.

पायरी ८: शब्दकोशात बघा आणि वहीत ‘इट’सकट लिहा

लाँगमनच्या शब्दकोशात फ्रेझल व्हर्बच्या नोंदी साधारण अशा दिसतात:

```
look something ↔ up
look after somebody/something
tell somebody/something apart
```

पहिल्या ओळीतला दुहेरी बाण म्हणजे नाम शेपटाच्या अलीकडे-पलीकडे हलू शकतं. अर्थात सर्वनाम मध्येच. दुसऱ्या ओळीत कर्म शेपटानंतर आहे आणि बाण नाही: न सुटणारं. तिसऱ्या ओळीत कर्म मध्ये आहे पण बाण नाही: नामसुद्धा मध्येच. सगळेच शब्दकोश बाण देत नाहीत. तो नसेल तर नोंदीखालची उदाहरणं वाचा आणि त्यांत ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असलेलं एक वाक्य शोधा. नाम असलेल्या उदाहरणावरून निष्कर्ष काढू नका. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘लुक आफ्टर द चाइल्ड’ ही दोन वाक्यं वरून अगदी सारखी दिसतात. फरक सर्वनाम घातल्यावरच उघडा पडतो.

वहीत ‘लुक अप = शोधून बघणं’ असं लिहू नका. ‘लुक इट अप’ असं लिहा. ‘लुक आफ्टर’ नको, ‘लुक आफ्टर इट’ लिहा. एक ‘इट’ वाढवल्याने नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, क्रियापद आठवलं की जागा आपोआप आठवते. ज्याचे दोन अर्थ आहेत त्याला दोन ओळी द्या: एक ‘सी इट थ्रू’, एक ‘सी थ्रू हिम’.

पायरी ९: तो ईमेल पुन्हा एकदा

आता सुरुवातीचा ईमेल पायऱ्यांनी दुरुस्त करून बघू.

‘फिल इन इट’: कर्म आहे, शेपूट ‘इन’, म्हणजे तिसरा गट. मराठीत ‘तो भर’, सर्वनाम उघडं. अंदाज सुटणारं, शब्दकोश तेच सांगतो. ‘फिल इट इन’.

‘सेंड बॅक इट’: ‘बॅक’ दुसऱ्या गटात, विचारायलाच नको. ‘सेंड इट बॅक’.

‘लुक इट इंटू’: ‘इंटू’ पहिल्या गटात. ‘लुक इंटू इट’.

‘गेट यू बॅक’: मला म्हणायचं होतं पुन्हा संपर्क करू. त्यासाठी क्रियापद आहे ‘गेट बॅक टू’, दोन शेपटांचं. मी ‘टू’ गाळलं, मग ‘बॅक’ एकटं उरलं, मग ‘यू’ मध्ये सरकलं, आणि अर्थ थेट सुडावर गेला. ‘गेट बॅक टू यू’.

‘पुट ऑफ इट’: दोन ‘एफ’चं ‘ऑफ’, कल मध्ये बसण्याकडे. एखाद्या खऱ्या जागेवरून उतरण्याचा संबंध नाही, तारीख पुढे ढकलायची आहे. ‘पुट इट ऑफ’.

मिळून: ‘आय हॅव अटॅच्ड द फॉर्म. प्लीज फिल इट इन अँड सेंड इट बॅक. अवर टीम विल लुक इंटू इट अँड गेट बॅक टू यू. इफ द डेट इज नॉट कन्व्हीनियंट, वी कॅन पुट इट ऑफ.’

तुमचे जुने ईमेल काढलेत ना? त्यातला प्रत्येक ‘इट’ आणि ‘देम’ पेन्सिलीने गोल करा आणि त्याच्या अलीकडचा शब्द बघा. तो ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’, ‘बॅक’ किंवा ‘अवे’ असेल तर तिथे थांबा आणि दुसऱ्या पायरीपासून सुरू करा.